मदत हवी आहे: दोनचाकी बॅलन्सिंग रोबोट उभा राहतो, पण वेगाचा लूप जोडला की झोके वाढत जाऊन पडतो

आर्वीची_पोर: नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या गावातून लिहिते आहे. आमच्या शाळेच्या पोरांना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायला सेल्फ-बॅलन्सिंग रोबोट बनवतो आहोत. MPU6050 सेन्सर, बारा व्होल्टच्या 300 आरपीएमच्या एन्कोडर असलेल्या गियर मोटर, 65 मिमीची चाकं. लूप दर 5 मिलिसेकंदाला चालतो. कोनासाठी कॉम्प्लिमेंटरी फिल्टर, 0.98 आणि 0.02.

नुसत्या कोनाच्या लूपवर रोबोट छान उभा राहतो, बोटानं ढकलला तरी सावरतो. पण हळूहळू एका दिशेला पळत सुटतो आणि वेग वाढून कोसळतो. म्हणून बाहेरून वेगाचा लूप लावला:

```
angleSet = Kpv*(vSet - v) + Kiv*vSum;
u = Kp*(angle - angleSet) + Kd*gyroRate;
```

Kp 18, Kpv 12 (मीटर/सेकंदाला 12 अंश), Kiv सध्या शून्य. पुढं झुकणं आणि पुढं जाणं, दोन्ही धन धरलं आहे. आता मोटर खरखर करते, रोबोट पुढे-मागे झोके घेतो, झोके वाढत जातात आणि तो पडतो. नेमकं काय बघू?

यवतमाळ_ड्रोन: ताई, तुमचा शून्य कोन चुकला आहे. सेन्सर चेसिसवर सरळ बसलेला नसणार. तोलाचा नेमका कोन शोधून वजा करा, पळणं थांबेल. बाहेरच्या लूपची गरजच नाही.

मोटरपंप_हिंगणघाट: माझ्या स्टार्टरच्या रिलेनंही असंच होतं, व्होल्टेज पडलं की खरखर. बॅटरी बदलून पाहा.

जुना_कंट्रोलवाला: भाऊ, बॅटरीचा इथं संबंध वाटत नाही. नुसत्या कोनाच्या लूपवर तोच रोबोट शांत उभा होता ना.

ड्रोनवाल्या भावाचं अर्धं बरोबर आहे. शून्य कोनात 1 अंशाची चूक राहिली, तर रोबोट तेवढा झुकलेला राहून साधारण 0.17 मी/से² नं वेग घेत जातो. 65 मिमीच्या चाकाचा घेर 20 सेंमी, म्हणजे 300 आरपीएमला जेमतेम 1 मी/से. सहा सेकंदांच्या आतच मोटरकडं देण्यासारखं काही उरत नाही आणि रोबोट पडतो. कोन दुरुस्त केला तर हे लांबेल, पण अंगणाला जरा उतार असला की पुन्हा तेच. बाहेरचा लूप हवाच.

ताई, वेग कसा मोजता? दर 5 मिलिसेकंदाला पल्स मोजून का? चाकाच्या एका फेऱ्याला किती पल्स?

आर्वीची_पोर: हो, दर 5 मिलिसेकंदाला. एका फेऱ्याला 374, एकच कड मोजते.

जुना_कंट्रोलवाला: मग खरखर तिथूनच येते. 5 मिलिसेकंदात एक पल्स आली की तुमचा कोड वेग 0.11 मी/से समजतो. गुणिले 12, म्हणजे angleSet एकदम 1.3 अंशांनी उडी मारतो, आणि Kp 18 मुळे मोटरला 24 चा धक्का. पुढच्या फेरीत पल्स नाही, की धक्का परत. एन्कोडरच्या चारही कडा मोजा आणि वेग 50 मिलिसेकंदांच्या खिडकीत काढा. उडी चाळिसाव्या भागावर येईल.

झोक्यांचं कारण मात्र वेगळं आहे. रोबोट पुढं जातोय, त्याला थांबवायचं, म्हणजे मागं झुकवायचं. पण मागं झुकायला चाकांना आधी आणखी पुढं पळावं लागतं. म्हणजे ब्रेक लावताना वेग क्षणभर वाढतो. बाहेरचा लूप उतावीळ असला, तर तो वाढलेला वेग पाहून आणखी ब्रेक मागतो, मग रोबोट जास्तच मागं झुकतो, आणि परतीच्या झोक्यात हेच उलट दिशेनं. म्हणून बाहेरचा लूप मुद्दाम मंद ठेवायचा. Kpv 2 पासून सुरू करा, angleSet ला ±6 अंशांची मर्यादा घाला, Kiv सगळ्यात शेवटी.

आणि सीरियल प्लॉटरवर angleSet आणि angle एकत्र काढा. angle मागोमाग नीट येत असेल तर आतला लूप ठीक आहे, बाहेरचाच सैल करा. तो मागं रेंगाळत असेल तर बाहेरच्याला हात लावू नका, आधी Kp, Kd बघा.

यवतमाळ_ड्रोन: MPU6050 चा लो-पास फिल्टर कितीवर आहे? 6 वर ठेवला तर 19 मिलिसेकंद उशीर होतो.

आर्वीची_पोर: 3 वर आहे.

जुना_कंट्रोलवाला: 3 चालेल, सुमारे 5 मिलिसेकंद. अजून एक. एन्कोडर चाकाचं फिरणं बॉडीच्या तुलनेत मोजतो. चाक जागेवर असून बॉडी पुढं झुकली तरी तुमच्या कोडला वेग दिसतो, तोही उलटा. एन्कोडरच्या दरात gyroRate मिळवा, दोन्ही एकाच एककात. आणि Kiv लावाल तेव्हा रोबोट हातात उचलल्यावर vSum शून्य करा. हवेत चाकं फिरून तो साचतो आणि खाली ठेवताच रोबोट झेप घेतो.

आर्वीची_पोर: दादा, खरखर गेली. Kpv 4 वर पळणं थांबलं. प्लॉटरवर angle छान मागोमाग येतो. पण एका जागी उभा असताना दोन बोटांएवढा पुढे-मागे डुलतच राहतो. Kpv आणखी कमी केला तरी तेच.

जुना_कंट्रोलवाला: वायर काढून चाक हातानं हलवा. गियर पकडण्याआधी ते किती मोकळं फिरतं? तो लॅश असेल तर कोडनं थोडंच दबेल.

यवतमाळ_ड्रोन: मला तर मोटरचा डेडबँड वाटतो. छोट्या PWM ला चाक हलतच नसेल. किती PWM ला चाक सुटतं ते मोजून u मध्ये मिळवा.

आर्वीची_पोर: चाक थोडं मोकळं फिरतं खरं, आणि 15 PWM पर्यंत हलतही नाही. आता अंधार पडला, लाइनही गेली आहे. उद्या दोन्ही वेगवेगळे करून प्लॉट टाकते.