शाळेला द्यायच्या पत्रात नेमके काय मागावे?

“मुलीला प्रखर प्रकाश सोसत नाही. शाळेला ‘स्क्रीन मंद ठेवा’ एवढेच लिहिले तर चालेल का?”

तेवढ्याने भागणार नाही, कारण उजेडाच्या वर्गात स्क्रीन नुसती मंद केली की अक्षरेही पुसट होतात आणि मूल पुढे वाकून वाचू लागते. म्हणून पत्रात असे लिहावे : ‘टॅबची आपोआप बदलणारी प्रखरता बंद करून ती तिला सोसेल तेथे स्थिर ठेवावी, पांढऱ्याऐवजी फिकट बदामी पार्श्वभूमीवर गडद अक्षरे द्यावीत आणि ती पाठ टेकून वाचता येतील एवढी मोठी असावीत.’ काळ्या पार्श्वभूमीचा आग्रह मात्र घरी पडताळल्याशिवाय धरू नये. दृष्टिवैषम्य, म्हणजे डोळ्याची वक्रता सर्व दिशांना सारखी नसण्याचा दोष, असल्यास तीवरील पांढरी अक्षरे फाकलेली दिसू शकतात. प्रोजेक्टर एकीसाठी मंद करणे अवघड असते, त्यामुळे तीच पाने तिच्या टॅबवर तास सुरू होण्याआधी मागावीत.