उत्तर: नॉक नॉक जोकमध्ये मुलांना एवढं काय सापडतं?

"मुलगी पाच वर्षांची आहे, एकच नॉक नॉक जोक दिवसभर सांगते, तिला तो कळलाय असंही वाटत नाही, मग हसते कशाला?"

अहो ती साच्यावर हसते, कोटीवर नाही. नॉक नॉक. हूज देअर? लेटस. लेटस हू? लेटस इन, इट्स कोल्ड आउट हिअर! पाच ओळी, त्यातल्या दोन तुमच्या आणि त्या दोन्ही आधीच ठरलेल्या, म्हणजे तिने नॉक नॉक म्हटलं की तुम्हाला विचारावंच लागतं आणि उत्तर फक्त तिच्याकडे. एरवी दिवसभर उत्तरं मोठ्यांकडे असतात, इथे उलटं, मग ती सोडेल कशाला!

कोटी कळायला 'लेटस' म्हणजे सॅलडचं पान आणि 'लेट अस' हे दोन्ही एकदम ऐकू यावं लागतं, ते साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास जमतं. तोवर मुलं साचा उचलतात आणि आत काहीही भरतात, "बनाना हू? बनाना टेबलवर बसलं!" आणि लोळून हसतात. कळलंय का बघायचं तर तिने न ऐकलेला जोक दोन शेवट करून सांगा, एक कोटीचा, एक असाच काहीतरी. दोन्हींवर सारखंच हसली तर अजून नाही. (पाठ असलेला जोक घेऊ नका, त्यात शेवट बदलला की मुलं नुसत्या सवयीनेही "असं नाहीये" म्हणतात.)

तोवर इंटरप्टिंग काउ शिकवा. तुम्ही "इंटरप्टिंग काउ हू" पूर्ण म्हणायच्या आत तिने "मू!" ओरडायचं, कोटी नाहीच, फक्त टायमिंग. सुरुवातीला बहुतेक उशिराच ओरडेल, तेव्हा तुम्हीच जरा हळू बोला.