अनुभव धागा: जर्मनीचं 'पॅकेज', ऑफर लेटर आणि एजंटची फी (सांगली-मिरज)

धागाकर्ती
विश्रामबागेतून मिरजेकडे जाताना दर चार दुकानांमागे 'जर्मनीत मोफत शिक्षण' असा बोर्ड दिसतो. आमच्या इमारतीतली दोन मुलं सध्या याच फेऱ्यात आहेत. ज्यांच्या घरातून कुणी असं गेलंय किंवा जाता जाता थांबलंय, त्यांनी लिहा. पैसे कशासाठी घेतले, कुणाच्या खात्यात गेले आणि हातात नेमका कोणता कागद आला, एवढं तरी यावं. एजंटचं नाव मात्र नको, त्यावरून भांडणं होतात आणि मुद्दा राहून जातो.

बेदाणा
भाच्याचं सांगतो. बी.ई. मेकॅनिकल, मग कुपवाड एमआयडीसीत नोकरी. मास्टर्ससाठी एजंटकडे गेला. २ लाख ४० हजारांचं पॅकेज, 'पब्लिक युनिव्हर्सिटी हमखास'. दाजींनी बेदाण्याचे पैसे आले तसे दोन हप्त्यांत भरले. पावतीवर फोड अशी: एपीएस म्हणजे कागदपत्रांची तपासणी ३५ हजार, युनिव्हर्सिटी ॲप्लिकेशन ८५ हजार, सेवा १ लाख २० हजार.

जूनअखेरीस एजंट म्हणाला, पाचही पब्लिक युनिव्हर्सिट्यांनी नाकारलं, पण बर्लिनच्या एका कॉलेजचं लेटर आलंय, नशीब समजा. लेटर झकास होतं. खाली लिहिलेलं, वर्षाची फी १३ हजार युरो आणि जागा धरून ठेवायला २ हजार युरो दोन आठवड्यांत भरा. दाजी म्हणाले, मग मोफत ते काय होतं? एजंटचं उत्तर: "तेही सरकारमान्यच आहे की."

भाच्याने पाच युनिव्हर्सिट्यांच्या वेबसाइटवरून पत्ते काढून आपल्या मेलवरून सरळ विचारलं, माझा अर्ज आला होता का? दोघांनी उत्तर दिलं, या नावाने, या जन्मतारखेने काही नाही. बाकी तिघं गप्प आहेत.

कृष्णाकाठ
जर्मनीत सगळ्या सरकारी युनिव्हर्सिट्या फुकट असतात. फी मागितली की फसवणूक, एवढा साधा हिशेब.

आखेनवासी
साधा आहे, पण अर्धाच. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत शिकवणीची फी नाही, दर सेमिस्टरला काहीशे युरोपर्यंत वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४ ते ६ हजार युरो लावलेत. त्यामुळे नुसती फी दिसली म्हणून घाबरू नका. कॉलेजचं नाव `hochschulkompass.de` वर टाका. तिथे प्रत्येक संस्थेपुढे ती सरकारी आहे की खाजगी, हे लिहिलेलं असतं. बर्लिनचं ते कॉलेज तिथे 'खाजगी, मान्यताप्राप्त' असं दिसेल. मान्यता खरी, पदवीही चालते. म्हणजे एजंट तिथे खोटं बोलत नव्हता, निम्मं गिळत होता. खाजगी कॉलेजं विद्यार्थी पाठवला की एजंटला कमिशन देतात, सरकारी सहसा देत नाहीत. त्यामुळे 'पाच नकार आणि एक नशीब' ही गोष्ट मी इथे बऱ्याच मुलांकडून ऐकलीय.

आता बेदाणा यांच्या पावतीकडे बघू. एपीएसची फी १८ हजार रुपये, भरणारा विद्यार्थी स्वतः असू शकतो. पाच अर्ज समजा सगळे युनी-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी अर्ज घेणाऱ्या संस्थेमार्फत गेले असते, तर पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे १९५ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी १९ ते २० हजार. त्याचे ८५ हजार कसे झाले, हे एजंटलाच विचारायला हवं. काही युनिव्हर्सिट्या स्वतःच्या पोर्टलवरच अर्ज घेतात, तिथे तर हा खर्च बऱ्याचदा आणखी कमी.

एजंटने मेहनताना घ्यावा, माझी हरकत नाही. पण तो 'सेवा' या ओळीत दिसावा, युनिव्हर्सिटीच्या नावाखाली लपू नये.

मिरजेची आई
आमच्याकडे लेटर अजून आलं नाही, पण एपीएस झालंय. ऑफिसमधली मुलगी म्हणाली, एपीएस आलं म्हणजे ॲडमिशन झालीच समजा काकू. आता ब्लॉक अमाउंटची तयारी करा म्हणतेय, १२ लाख त्यांच्या फर्मच्या खात्यात. हे बरोबर आहे ना?

आखेनवासी
ताई, थांबा. एपीएस म्हणजे तुमच्या मुलाची मार्कलिस्ट, पदवी खरी आहे याची तपासणी. ॲडमिशनशी तिचा एवढाच संबंध की तिच्याशिवाय अर्ज आणि व्हिसा अडतो.

ब्लॉक अकाउंट तुमच्या मुलाच्याच नावाने उघडतं. सध्या वर्षाचे ११,९०४ युरो त्यात ठेवायचे, आणि तो जर्मनीत पोचला की दर महिन्याला ९९२ युरो त्यालाच परत मिळतात. ती फी नाही, त्याचाच घरखर्च आहे. पैसे तुमच्या बँकेतून थेट त्या खात्यात जातात, मध्ये फर्मचं काम नाही. शिवाय युनिव्हर्सिटीचं लेटर नसताना एवढी घाई कुणाच्या सोयीची?

शांतिनिकेतन रोड
माझ्या पुतणीला किर्गिझस्तानला एमबीबीएसला पाठवायचंय. एजंट म्हणतो नीट नसली तरी चालेल. कुणाला अनुभव?

धागाकर्ती
दादा, विषय वेगळा आहे, पण तिथे थांबाच. नीट पात्र नसेल तर ती पदवी घेऊन इथे प्रॅक्टिस करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि वर्षभराची इंटर्नशिप तिकडेच हवी. त्यासाठी वेगळा धागा काढते.

आयर्विन
मी एजंटच्या ऑफिसात काउन्सेलर होते, आता नाही. ऑफर लेटर बनवून देणारे आमच्याकडे नव्हते. गोम होती ईमेलमध्ये. विद्यार्थ्याच्या नावाने जीमेल आम्हीच उघडायचो, पासवर्ड आमच्याकडे, रिकव्हरीचा मोबाइल नंबर ऑफिसचा. युनी-असिस्टचं खातंही त्याच मेलवर. मुलाला फक्त व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट जायचा. अर्ज गेला की नाही, कधी गेला, कागद अपुरे म्हणून परत आला का, काहीच त्याला कळायचं नाही. बऱ्याच सरकारी कोर्सेसची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैला संपते. ती उलटली की नकार खरा होता की अर्जच गेला नव्हता, हे शोधून तरी करणार काय? खाजगी लेटर मात्र लगेच तयार असायचं.

कृष्णाकाठ
म्हणून एजंट सरकारी नोंदणीवाला बघावा. आमच्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स फ्रेम करून लावलंय.

आयर्विन
काका, ते लायसन्स १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचं, परदेशात नोकरीला माणसं पाठवायचं. विद्यार्थ्यांच्या ॲडमिशनला त्याचा उपयोग नाही. पंजाबने २०१२ मध्ये यासाठी स्वतःचा कायदा केला. फ्रेम खरी असेल, पण ती दुसऱ्याच धंद्याची.

बेदाणा
अपडेट. एजंट ४० हजार परत द्यायला तयार आहे, बाकी 'ॲग्रीमेंटमध्ये नॉन-रिफंडेबल लिहिलंय' म्हणतो. दाजींना सांगलीच्या ग्राहक आयोगात जायचंय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही म्हणे. भाचा म्हणतो, राहू दे, मुदतीत मी स्वतः अर्ज भरतो. कुणी सेवा शुल्क पूर्ण परत मिळवलंय का?

आखेनवासी
मी मिळवलेलं पाहिलं नाही. पण युनिव्हर्सिट्यांच्या त्या दोन मेल्स जपून ठेवा, हेडरसकट. पैसे अर्जाचे म्हणून घेतले आणि अर्ज गेलाच नाही, हे दाखवणारा कागद तोच आहे. तडजोडीच्या कागदावर सही करताना 'पूर्ण व अंतिम' लिहिलंय का, ते बघून मगच करा.

मिरजेची आई
मुलाला आत्ता विचारलं. जीमेल त्यांनीच उघडलंय, नंबर त्यांचा आहे. पासवर्ड मागितला तर 'प्रोसेस बिघडेल' म्हणाले.

आयर्विन
काकू, काही बिघडत नाही. उद्या मुलाला घेऊन ऑफिसात जा, त्यांच्यासमोर रिकव्हरी नंबर बदलून घ्या, आणि युनी-असिस्टच्या खात्यात शिरून अर्जांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाहीच म्हणाले तर ते १२ लाख तुमच्याच खात्यात राहू द्या.