‘नागरिकत्वाचा त्याग केला’ असं लिहिलं तर चुकतं का? (आणि एकाच पानावरच्या दोन ‘कलम ९’चं काय करू?)

ऐरोली_सेक्टर८
मी घरून भाषांतराची कामं करते, बहुतेक प्रतिज्ञापत्रं, करारनामे असं. परवा ठाण्यातल्या एका कुटुंबाचं काम आलं. धाकटा भाऊ अमेरिकेत, २०१६ साली तिथली शपथ घेतली, आता पाचपाखाडीच्या वडिलोपार्जित फ्लॅटच्या वाटणीसाठी त्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र मराठीत करून हवंय. त्यात लिहिलंय की परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे तो भारताचा नागरिक राहिला नाही, आणि आधाराला दोन कलमं दिलीत, एक घटनेचं ९ आणि एक नागरिकत्व कायद्याचं ९. मी लिहिलं "नागरिकत्व संपुष्टात आलं". मोठे भाऊ म्हणाले ताई हे काय, संपुष्टात यायला तो काय प्रॉव्हिडंट फंड आहे का, "नागरिकत्वाचा त्याग केला" असं लिहा, सगळे तसंच लिहितात. आणि दोन्हीकडे "कलम ९" वाचून ते म्हणतात एकच गोष्ट दोनदा का लिहिली, एक खोडा. कोण बरोबर?

तलावपाळी
त्याग म्हणजे त्यज्, सोडणं. तो माणूस सोडून गेला, मग त्याग बरोबरच आहे. पण त्याग शब्दाला मराठीत एक मोठेपणा चिकटलाय, त्यागमूर्ती वगैरे, आणि ग्रीन कार्डवरून पुढे जाऊन पासपोर्ट घेणं यात तसलं काही नाही. नोकरी सोडताना हिंदीवाले त्यागपत्र देतात, आपण राजीनामा देतो. तसं "नागरिकत्वाचा राजीनामा" का नको? चांगला रुळलेला शब्द आहे, लोकांना कळेल.

सानपाडा_स्टेशनरोड
राजीनामा मूळ फारसी. आधीच अर्धी मराठी कचेरीच्या फारसीने भरलीय, त्यात अजून भर कशाला. आणि "कलम" पण नको, घटनेच्या मराठी आवृत्तीत "अनुच्छेद" आहे. ताई, घटनेला अनुच्छेद लिहा, कायद्याला कलम, तुमचा दुसरा प्रश्न मिटला.

तलावपाळी
मग "कलम ३७०" म्हणणारे अख्खे मराठी पेपर अडाणी का? लोक जे बोलतात ती भाषा.

खारीगाव_निवृत्त
ऐरोलीताई, मी वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं मसुदे लिहिले, त्यातली दहाएक वर्षं परदेशी गेलेल्यांचीच कामं. सानपाडावाल्यांचा शुद्धतेचा मुद्दा बाजूला ठेवा, पण इथे अनुच्छेद आणि कलम वेगळं लिहिलंच पाहिजे, कारण आकडा तोच असला तरी गोष्ट एक नाही.

घटनेत नागरिकत्वावर फक्त अनुच्छेद ५ ते ११ आहेत आणि त्यातले ५ ते ९ हे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले, बाकीची घटना पुढच्या जानेवारीत. का, तर घटना लागू होईल त्या दिवशी नागरिक कोण हे आधी ठरायला हवं होतं. म्हणजे तो भाग त्या एका दिवसाची मोजदाद आहे. पुढे कोण नागरिक होणार आणि कोणाचं जाणार हे घटनेने ठरवलंच नाही, अनुच्छेद ११ मध्ये संसदेवर सोपवलं आणि संसदेने १९५५ चा कायदा केला. आता घटनेचा ९ वाचा, तो म्हणतो की अनुच्छेद ५, ६ किंवा ८ मुळे जो नागरिक ठरला असता त्याने स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो नागरिक नाही. हे त्या मोजदादीत कोणाला धरायचं नाही याबद्दल आहे. तुमचा माणूस तर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याला लागतं ते कायद्याचं कलम ९. म्हणून खोडायचं असेल तर घटनेचं खोडा, पण ते मूळ इंग्रजी मसुदा करणाऱ्याने खोडायचं, भाषांतरकाराने नाही.

कळवा_नाका
एक शंका आहे, मुलीच्या अॅडमिशनला तहसीलमधून वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढला, त्यात राष्ट्रीयत्व भारतीय असं लिहिलंय, मग यावरून नागरिकत्व सिद्ध होतं ना? जन्मदाखल्यात नावाचं स्पेलिंग चुकलंय म्हणून विचारतोय, दोन चकरा झाल्या.

खारीगाव_निवृत्त
स्पेलिंग महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीकडून दुरुस्त करून घ्या, ते वेगळं काम. त्या दाखल्याचा उपयोग प्रवेशापुरता, नागरिकत्वावर कोणी वाद घातला तर जन्म आणि आईवडील हेच बघतात. आणि त्यातला "अधिवास" महाराष्ट्रापुरता आहे, अनुच्छेद ५ मधला अधिवास म्हणजे भारताच्या हद्दीत कायमचं राहण्याचा इरादा. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की देशात अधिवास एकच, भारताचा, राज्याराज्याचा वेगळा नसतो. तरी दाखल्यावर तोच शब्द चालतो, काय करणार.

तलावपाळी
म्हणजे कोर्टाने सांगितलं तरी लोक "डोमिसाईल काढला" म्हणायचं सोडत नाहीत. हाच माझा मुद्दा.

उल्हासनगर_कॅम्प४
अनुच्छेद ६ वरून आठवलं. आमचे शेजारी सिंधी, त्यांचे आजोबा १९४८ च्या ऑक्टोबरात कराचीहून बोटीने आले आणि इथल्या कल्याण मिलिटरी कॅम्पात पडले. लहानपणी ऐकायचो की त्यांच्याकडे एक "नागरिकत्वाचा कागद" आहे आणि आजीकडे नाही, तरी दोघं मतदान करायचे. मला वाटायचं आजीचं काहीतरी लपवतात. नंतर कळलं की १९ जुलै १९४८ च्या आधी जो आला आणि इथेच राहिला त्याला वेगळं काही करावं लागत नव्हतं, त्या तारखेला किंवा नंतर जो आला त्याने आधी सहा महिने इथे राहून अर्ज करायचा, अधिकाऱ्याकडे नोंदणी करायची, तीही घटना लागू व्हायच्या आत. आजी माहेरच्यांबरोबर मे महिन्यातच आली होती. एका घरात दोघं दोन वाटांनी नागरिक, मधे फक्त पाच महिन्यांचा फरक. आजोबांनी तो कागद कापडात गुंडाळून ठेवला होता. बाय द वे त्यांना "निर्वासित" म्हटलेलं आवडत नसे.

सानपाडा_स्टेशनरोड
निर्वासित शब्दात चूक काय आहे? वास म्हणजे राहण्याची जागा, ती सुटलेला.

उल्हासनगर_कॅम्प४
ऐकणाऱ्याला काय वाटतं तेही बघा की. ते म्हणायचे आम्ही वसलो, सुटलो नाही.

ऐरोली_सेक्टर८
काका, अनुच्छेदाचं कळलं, मनापासून आभार. पण त्याग? मोठे भाऊ म्हणतात की धाकट्याने भारतीय वकिलातीतून सरेंडर सर्टिफिकेट घेतलंय, म्हणजे स्वतःहून सोडलं, म्हणजे त्याग.

खारीगाव_निवृत्त
नाही. इथेच सगळे घसरतात. कायद्यात नागरिकत्व जायच्या तीन वाटा आहेत आणि मराठीत आपण तिन्हींना जो सुचेल तो शब्द लावतो. कलम ८ म्हणजे माणूस स्वतः जाहीरनामा देतो की मला हे नको, अधिकारी त्याची नोंद करतो, आणि नोंद झाली की नागरिकत्व गेलं. हा खरा त्याग. कलम ९ मध्ये कोणी काही जाहीर करत नाही, तिकडे शपथ घेतली त्या क्षणी इकडचं आपोआप संपतं. सरेंडर सर्टिफिकेट हे पासपोर्ट परत केल्याचं, आधीच संपलेल्या गोष्टीचं. ते २०१९ ला घेतलं असेल तरी नागरिकत्व २०१६ लाच गेलं. तिसरं कलम १०, सरकार काढून घेतं, फसवणूक करून मिळवलं असेल वगैरे, आणि ते मुख्यतः नोंदणीने किंवा अर्ज करून नागरिक झालेल्यांना लागतं. ठाण्यात जन्मलेल्याचं जन्माने मिळालेलं नागरिकत्व त्या कलमाने काढता येत नाही. म्हणून "रद्द झालं" हा शब्द तर अजिबात नको, वाचणाऱ्याला वाटेल सरकारने हाकललं.

तुमचा "संपुष्टात आलं" बरोबर आहे. मी असतो तर नुसतं "संपलं" लिहिलं असतं.

तलावपाळी
पण वाचणाऱ्याला फरक काय पडतो? फ्लॅटची वाटणी तर होणारच. गेलं ते गेलं.

खारीगाव_निवृत्त
वाटणीला नाही पडत. मुलांना पडतो. ताई, त्या भावाला मुलं आहेत का?

ऐरोली_सेक्टर८
अहो तेच सांगायचं राहिलं! एक मुलगी आहे, २००८ साली ठाण्यातच जन्मली, तेव्हा आईवडील दोघं भारतीय. ते दोघं तिकडचे नागरिक झाले तेव्हा ती आठ वर्षांची, आईवडिलांबरोबर ती पण झाली. आता तिला इथे येऊन शिकायचंय, जमलं तर राहायचंय. कोणीतरी त्यांना सांगितलं की अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षात अर्ज केला की भारतीय नागरिकत्व परत मिळतं, म्हणून कदाचित मोठे भाऊ त्याग शब्दावर अडून बसलेत, आत्ता लक्षात येतंय.

खारीगाव_निवृत्त
बघा. ती एक वर्षाची सवलत कलम ८ च्या पोटात आहे. बापाने कलम ८ खाली त्याग केला तर अज्ञान मुलाचंही जातं, आणि म्हणून त्या मुलाला सज्ञान झाल्यावर वर्षाच्या आत परत घेण्याची सोय. बापाचं कलम ९ ने गेलं असेल तर ती सोय नाही. १८ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सिंगापूरच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. तिथे मूल पोटात असताना आईवडिलांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं, मुलाने अठराचा झाल्यावर कलम ८ धरून अर्ज केला, मद्रास हायकोर्टात जिंकला, दिल्लीत हरला. आईवडिलांनी त्याग केलाच नव्हता, त्यांचं आपोआप संपलं होतं. म्हणजे प्रतिज्ञापत्रात "त्याग" लिहून मुलीला काही मिळणार नाही, उलट बापाच्या कागदांत विसंगती दिसेल.

तिला वाट आहे, पण वेगळी. आईबापांपैकी कोणी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, स्वतः सज्ञान, आणि अर्जाच्या आधी लागोपाठ बारा महिने इथे राहिलेली असेल तर कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता येतो. अमेरिकेचं मात्र सोडावं लागेल.

घणसोली_रात्रपाळी
एक मिनिट. सिंगापूरचं मूल तिकडेच जन्मलं, ते भारतीय कधी नव्हतंच. ही मुलगी ठाण्यात जन्मलेली, जन्माने नागरिक होती. कलम ९ म्हणतं "स्वेच्छेने" घेतलं तर. आठ वर्षांच्या पोरीची कसली स्वेच्छा? शपथ तिने घेतलीच नाही. मग तिचं गेलंय कशावरून?

खारीगाव_निवृत्त
नियमांत परदेशी पासपोर्ट मिळवणं हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानलाय, आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम उचलून धरला.

घणसोली_रात्रपाळी
तिचा पासपोर्ट बापाने काढला. फॉर्मवर सही बापाची. काका, तुमचा अनुभव मोठा पण हे मला पटत नाही.

खारीगाव_निवृत्त
न पटण्यासारखंच आहे ते. तुमचा मुद्दा मी वकिलांना मांडताना ऐकलाय. पण असा वाद झाला की आधी केंद्र सरकार ठरवतं, आणि मुलगी अठराची होताना तेवढं थांबेल का हा तिच्या घरच्यांचा प्रश्न. माझ्या मते बारा महिन्यांची वाट सरळ आहे.

सानपाडा_स्टेशनरोड
"स्वेच्छेने" हाच शब्द आहे का मराठीत? आमच्याकडे "राजीखुशीने" लिहितात दस्तात.

तलावपाळी
राजीखुशी! आणि मघाशी मी राजीनामा म्हटलं तर फारसी म्हणून झोडलंत.

सानपाडा_स्टेशनरोड
दस्ताची भाषा वेगळी, घटनेची वेगळी. शिवाय कलम हा शब्दही तुम्ही ठेवलाच आहे, तो लेखणीचा आणि आंब्याच्या कलमाचाही.

उल्हासनगर_कॅम्प४
आंब्याचं कलम आवडलं. दुसऱ्याच्या खोडावर बांधायचं, सुतळी निघाली की झाड एकच. आमच्या शेजारच्या आजोबांना सांगितलं असतं.

ऐरोली_सेक्टर८
मोठ्या भावांशी बोलले. "भारतीय नागरिकत्व नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ अन्वये संपलेले आहे" असं केलं. अनुच्छेद ९ मसुद्यात आहे तसा ठेवलाय, शब्द मात्र अनुच्छेद, आणि त्यांना सांगितलं की तो काढायचा का हे वकिलाला विचारा. मुलीचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले बारा महिने म्हणजे तिने एकदाही तिकडे जायचं नाही का, सुट्टीत सुद्धा? काका, हे सांगाल?

कळवा_नाका
माझ्या स्पेलिंगसाठी गॅझेट करावं लागेल का, की नुसतं प्रतिज्ञापत्र चालतं?