३.३ व्होल्टचा सेन्सर आणि ५ व्होल्टचा उनो: तुमचा सेन्सर कसा टिकला, कसा गेला?

द्राक्षवेल

सिन्नरजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत वेलीखालची आर्द्रता कळावी म्हणून मी अर्डुइनो उनोला बीएमई २८० जोडला. सेन्सर दर दहा मिनिटांनी एक रीडिंग देतो आणि मध्ये झोपतो. त्याला ३.३ व्होल्ट द्यायला वेगळा छोटा रेग्युलेटर लावलाय. सेन्सरच्या पट्टीवर आयटूसीच्या दोन्ही लाइनींचे १० के पुल-अप आधीपासून होते, ते ३.३ ला. "आयटूसीला पुल-अप लागतातच" असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी आणखी ४.७ के चे दोन ५ व्होल्टला लावले. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग तापमान बरोबर येत राहिलं, पण आर्द्रता १०० वर अडकली ती अडकलीच. सेन्सर झोपलेला असताना सहज मीटर लावला, तर ३.३ च्या रेलवर ४.४ व्होल्ट! रेग्युलेटर बदलून पाहिला, तरी तेच.

नवा सेन्सर आणलाय. तो लावायच्या आधी तुमचे अनुभव हवेत. काय जोडलं, काय मोजलं, काय जळलं, ते सविस्तर लिहा.

रेडिओवाला_सांगली

मी nRF24L01 चा रेडिओ उनोच्या ५ व्होल्टच्या पिनांना थेट जोडतो. चार वर्षं झाली, एकही गेला नाही. सप्लाय तेवढा ३.३ चा ठेवायचा, सिग्नल पाचचा असला तरी चालतो. लेव्हल शिफ्टरवर पैसे घालवू नका.

जुना_सोल्डर

दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो त्या एका चिपपुरता. त्या रेडिओच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की इनपुट पिना ५ व्होल्ट सहन करतात. बीएमई २८० ला ती सूट नाही. त्याच्या सिग्नलच्या पिनेवर त्याच्या सप्लायपेक्षा फार तर ०.३ व्होल्ट जास्त चालतात, म्हणजे ३.६ पर्यंतच. सप्लायची कमाल मर्यादा ४.२५.

आता द्राक्षवेल, तुमच्या रेलचं. वीज ४.७ के मधून लाइनीवर येते, तिथून पट्टीवरच्या १० के मधून थेट ३.३ च्या रेलमध्ये शिरते. शिवाय लाइन रेलच्या वर गेली की पिनेच्या आतला डायोडही तिला वाट देतो. हे सगळं मिळून मिलिअँपिअरचा काही भागच भरतं, पण तुमचा सेन्सर झोपेत मायक्रोअँपिअरही खात नाही. आणि साधा रेग्युलेटर वीज देतो, परत घेत नाही. मग रेल चढणार नाही तर काय होणार? जागा झाला की सेन्सर थोडी वीज ओढतो आणि रेल खाली येते, म्हणून तो जागा असताना मोजलं तर हे सापडत नाही.

आर्द्रतेचा भाग यानेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बागेत फवारणी होते, तिचं औषध सेन्सरच्या भोकात गेलं तरी असं होतं. पण ४.४ व्होल्ट ही त्याच्या मर्यादेबाहेरची गोष्ट आहे, ती आधी थांबवा.

पहाटपक्षी

माझ्याकडे उलटं आहे. एचसी-एसआर०४ ची इको पिन ५ व्होल्टची आणि ईएसपी ३२ हा ३.३ चा. मी १ के आणि २ के चा डिव्हायडर लावला, ३.३३ येतात. टाकीची पातळी वर्षभर व्यवस्थित दाखवतोय. तुम्हीही डिव्हायडरच लावा की.

विद्या_ब्रेडबोर्ड

इको एकाच दिशेने जाते, म्हणून तिथे डिव्हायडर चालला. मी तोच आयटूसीवर लावून बसले होते, १० के आणि २० के, दोन्ही लाइनींवर. स्कॅनरमध्ये सेन्सरचा पत्ता 0x76 दिसायलाच तयार नव्हता. सेन्सर मेला समजून दुसरा आणला, तोही "मेलेला". पहिला अजून डब्यात आहे, आणि आता वाटतं की तो चांगलाच असणार.

जुना_सोल्डर

चांगलाच असणार, विद्याताई. उनोकडे ४.७ के चा पुल-अप धरला, तर सेन्सरने लाइन पूर्ण शून्याला ओढली तरी मधल्या १० के मुळे उनोच्या पिनेवर ५ × १० / १४.७, म्हणजे ३.४ व्होल्ट उरतात. उनोला १.५ च्या खाली दिसलं तरच तो शून्य मानतो. सेन्सर "मी आहे" म्हणत होता, उनोला ते ऐकू येत नव्हतं. तो डब्यातून काढून लावून बघा.

इथे बीएसएस १३८ चा मॉसफेट लागतो. सोर्स सेन्सरकडे, ड्रेन उनोकडे, गेट ३.३ ला, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या व्होल्टेजचा पुल-अप. दोघं शांत असले की गेट आणि सोर्स सारखेच, मॉसफेट बंद, म्हणून इकडे ३.३ आणि तिकडे ५. सेन्सरने लाइन खाली ओढली की मॉसफेट चालू होतो आणि उनोची बाजूही खाली येते. उनोने ओढली तर आधी मॉसफेटच्या आतला डायोड सोर्सला खाली आणतो, मग मॉसफेट स्वतः चालू होतो. दिशा सांगणारी वेगळी तार लागत नाही, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

विद्या_ब्रेडबोर्ड

ती जोडणी मी नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांकडून करून घेतली. पुण्याच्या तापकीर गल्लीत बीएसएस १३८ मिळाला नाही, म्हणून २एन७००० आणले. निम्मे बोर्ड चालले, निम्मे नाहीत, आणि एक बोर्ड हात लावला की चाले! २एन७००० चालू व्हायला गेटवर किती लागेल, तर ०.८ पासून ३ व्होल्टपर्यंत काहीही. आपल्याकडे आहेत फक्त ३.३. बीएसएस १३८ ला जास्तीत जास्त दीड पुरतात. पर्यायी मॉसफेट घेताना हाच आकडा बघा.

कोकणकडा

मी काहीच शिफ्टर लावत नाही. पट्टीवरचे ३.३ चे पुल-अप पुरतात. फक्त Wire लायब्ररी उनोच्या आतले पुल-अप ५ व्होल्टला चालू करते, ते बंद करतो. ते चालू असताना लाइनीवर मला ३.७ दिसत होते, बंद केल्यावर ३.३.

```
bme.begin(0x76);
digitalWrite(SDA, LOW);
digitalWrite(SCL, LOW);
```

सेन्सरची लायब्ररी आतून पुन्हा Wire.begin() बोलावते, म्हणून या ओळी तिच्यानंतरच हव्यात.

जुना_सोल्डर

सेन्सर याने नक्की शाबूत राहतो. पण ५ व्होल्टवरच्या उनोला आयटूसीचा 'एक' ३.५ पासून पुढे हवा असं डेटाशीट म्हणतं. तुमच्याकडे ३.३ आहेत. टेबलावर चालतं, मीही चालवलंय. बागेत, लांब तारेवर, मी त्यावर विसंबणार नाही.

कोकणकडा

तीन पावसाळे काढलेत काका, एकही रीडिंग चुकलं नाही. प्रत्यक्षात उनो बराच आधी 'एक' ओळखतो.

द्राक्षवेल

४.७ के काढले, बीएसएस १३८ ची तयार पट्टी लावली. झोपेतही रेल ३.३० वर स्थिर आहे, सेन्सरच्या लाइनी ३.३ आणि उनोच्या ५. विद्याताई, तुमचा डब्यातला सेन्सर बोलला का?

विद्या_ब्रेडबोर्ड

आत्ताच लावला. 0x76 आला.