प्रतिसाद: 00:40 म्हणजे कुठल्या तारखेची रात्र?

> ‘पुण्याहून विमान 12 मार्च 2026, 00:40. मराठीत “12 मार्च, रात्री 12:40” लिहिलं तर चालेल ना?’

नको. आपल्याकडे तारीख मनात उजाडल्यावर बदलते, तिकिटावर मात्र मध्यरात्री. तुमचं वाक्य वाचून निपाणीचा माणूस गुरुवारी जेवून निघेल, आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. आमच्या काकांचं अगदी असंच झालं. बॅगा घेऊन परत आले, वर आम्हालाच बोलले!

मी असं लिहितो: ‘बुधवार 11 मार्चची रात्र, 12 वाजून 40 मिनिटं (तिकिटावर 12 मार्च, 00:40).’ मूळ आकडा ठेवायचाच, विमानतळावर तोच दिसतो. खाली आणखी एक ओळ: ‘विमानतळावर बुधवारी रात्री 9:40 पर्यंत पोचा, निपाणीतून दुपारीच निघा.’ वार लिहिला की चूक लगेच कळते.