अनुभव धागा: त्वचा सामान्य, बजेट कमी, सकाळ-रात्री नेमकं काय लावायचं?

आजवर साबणापलीकडे चेहऱ्याला काही लावलेलं नाही, त्वचा फार तेलकटही नाही आणि कोरडीही नाही, अशांनी सुरुवात कशी करावी? जाणकारांनी मापासकट लिहावं.

सुनेत्रा: सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढं पुरतं. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तरी चालतं. फेसवॉशची खरी गरज रात्री, कारण दिवसभराचं सनस्क्रीन आणि धूळ उतरवायची असते. वाटाण्याएवढा घ्या, अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटली तर फेसवॉश कडक आहे, बदला. चेहरा टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. सकाळी त्यानंतर पाच मिनिटं थांबून सनस्क्रीन.

मंदार: फेसवॉशवर खर्च कशाला? बेसन, दूध आणि लिंबू लावा.

सुनेत्रा: बेसनाने तेल निघतं हे खरं, पण रोज घासलं तर त्वचा खरखरीत होते. लिंबू मात्र अजिबात नको. ते लावून उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात.

प्राची: मी एसपीएफ ५० म्हणजे जास्त संरक्षणाच्या आकड्याचं सनस्क्रीन घेते, म्हणून थोडंसंच लावते. ट्यूब तीन-चार महिने जाते.

डॉ. वैदेही: इथेच घोटाळा होतो. तो आकडा भरपूर थर लावून मोजलेला असतो, पातळ लावलं की संरक्षण बरंच घटतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. हे साधारण एक ग्रॅम धरा. म्हणजे दिवसातून एकदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी. म्हणून एसपीएफ ३० चालेल, पण ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे उन्हातल्या यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणांपासून वाचवणारं बघून, हात आखडता न घेता लावता येईल असं स्वस्त घ्या.

प्राची: एवढं लावलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघतात.

डॉ. वैदेही: खालचं मॉइश्चरायझर मुरलेलं नसतं, किंवा वरून चोळलं जातं. एकेक रेघ वेगळी लावा, चोळू नका, पसरून दाबा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सकाळचं मॉइश्चरायझर गाळलं तरी बहुतेकांचं भागतं.

ओंकार: माझ्या हनुवटीवर सारख्या पुळ्या येतात. व्हिटॅमिन सीचं सीरम घेऊ का?

सुनेत्रा: तो वेगळा प्रश्न, त्वचातज्ज्ञांना दाखवा. नवशिक्यांनी सीरम सध्या बाजूलाच ठेवावं. नवीन वस्तू एका वेळी एकच सुरू करा, आधी कानामागे चार-पाच दिवस लावून बघा. तिन्ही एकदम सुरू केल्या आणि खाज सुटली तर कशाने ते कळत नाही.

मंदार: दिवसभर ऑफिसात असलो तरी दुपारी सनस्क्रीन पुन्हा लावायचं?

डॉ. वैदेही: उन्हात किंवा घामात दर दोन तासांनी. खिडकीपासून लांब बसत असाल तर मी आग्रह धरत नाही.

सुनेत्रा: मी धरते. जेवायला आणि चहाला बाहेर पडणं होतंच.